गर्भाशयमुखाची तपासणीही समजावून सांगा

यावल तालुक्यातील शिबिरात महिलांना स्तनांची स्वतपासणी शिकवल्याची बातमी वाचली. पाळी सुरू झाल्यावर आठवड्याने, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी काखेपर्यंत चाचपायचे, हे करून दाखवले ते उत्तमच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मात्र नुसती पत्रके वाटली. हा आजार सुरुवातीला हाताला लागत नाही, दुखतही नाही. म्हणूनच ‘मला काही त्रास नाही’ म्हणत बाया तपासणी टाळतात. गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबले, की बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. पांढरा डाग म्हणजे कर्करोगच नव्हे, पुढे तपासायची ती खूण. तिशीनंतर दर ५ वर्षांनी करायची ही तपासणी परिचारिकेने साहित्य दाखवून समजवावी आणि केळीच्या बागेत राबणाऱ्यांसाठी संध्याकाळची वेळ ठेवावी.

– एक वाचक, जळगाव