चाळीतल्या कांद्यासाठी दर आठवड्याला एक पान

महोदय,

आमच्याकडे उन्हाळ कांदा चाळीत पडला की घरात रोज संध्याकाळी एकच प्रश्न असतो: या आठवड्यात ट्रॉली भरायची की थांबायचं? उत्तर मिळतं ते व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या भावाच्या फोटोवरून, आणि त्यात बहुतेक वेळा सर्वांत वरचा भावच ठळक केलेला असतो. खरा आकडा सरकार रोज मोफत देतं. केंद्र सरकारच्या data.gov.in या संकेतस्थळावर देशभरातल्या बाजार समित्यांचे त्या दिवसाचे भाव असतात. बाजार, शेतमाल, जात, तारीख, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, सगळे रुपये प्रति क्विंटल. त्यातून शेतकरी दर रविवारी उघडून पाहील असं साधं ॲप कोणीतरी करावं, यासाठी हे पत्र.

मी गेल्या हंगामात घरच्या संगणकावर एका तक्त्यात हे करून पाहिलं. जवळचे तीन बाजार आणि फक्त कांदा घेतला. ठेच लागली ती तारखेला. सरकारी तक्त्यात आधी दिवस आणि मग महिना असतो, माझ्या संगणकाने ते उलटं वाचलं. ५ जूनचा भाव ६ मेला जाऊन बसला. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत काहीच खटकत नाही, १३ तारखेपासून मात्र नोंदी चुकीच्या म्हणून बाजूला पडू लागतात. तेव्हा कुठे चूक कळली.

दुसरी अडचण जातीची. मार्च-एप्रिलमध्ये लाल आणि उन्हाळ असे दोन्ही कांदे बाजारात असतात. दोघांची सरसकट सरासरी काढली तर जो आकडा येतो त्या भावाने कोणाचाच कांदा विकलेला नसतो. राज्य पणन मंडळाच्या संकेतस्थळावर लाल, उन्हाळी, लोकल अशी जात वेगळी दिलेली असते. ॲपनेही शेतकऱ्याला आधी जात विचारावी आणि मगच भाव दाखवावा.

तिसरी गोष्ट रिकाम्या दिवसांची. लिलाव बंद असला किंवा आकडा चढवायचा राहिला की त्या दिवसाची ओळच येत नाही. तिथे शून्य धरलं तर आठवड्याचा भाव कोसळलेला दिसतो, आणि कालचाच आकडा पुढे ओढला तर बंद बाजार चालू वाटतो. एका बाजाराच्या नोंदीत मला सलग तीन दिवस किमान, कमाल आणि सर्वसाधारण हे तिन्ही दर तेच ते दिसले. खऱ्या लिलावात असं सहसा होत नाही, म्हणून असे दिवस मी मोजणीतून वगळले. ॲपने हे न लपवता लिहावं: ‘६ पैकी ४ दिवसांचे आकडे मिळाले.’ त्या चार दिवसांचे सर्वसाधारण दर चढत्या क्रमाने लावून मधल्या दोन दरांची सरासरी हा आठवड्याचा मधला भाव धरावा, म्हणजे एखाद्या दिवसाची उसळी फसवत नाही.

पण शेतकऱ्याला हवा असतो तो हातात पडणारा पैसा. समजा, ट्रॉलीत २५ क्विंटल माल आहे. जवळच्या बाजारात आठवड्याचा मधला भाव १,४५० रुपये आणि भाडं १,५०० रुपये. भाडं क्विंटलमागे ६० रुपये पडलं, उरले १,३९०. लांबच्या बाजारात भाव १,५५०, पण भाडं ५,००० म्हणजे क्विंटलला २०० रुपये, उरले १,३५०. शंभर रुपये जास्तीचा भाव ऐकून ट्रॉली लांब नेली तर हमाली-तोलाई धरायच्या आधीच एका खेपेत १,००० रुपये कमी मिळतात. ॲपने भाडं आणि क्विंटल एवढंच एकदा विचारावं आणि हा शेवटचा आकडा मोठ्या अक्षरात दाखवावा. पुढे भाव काय होईल याचं भाकीत मात्र करू नये. या तक्त्यात त्याला आधार नाही.

सरकारकडे दोन मागण्या आहेत. केंद्राच्या या रोजच्या तक्त्यात आवक नाही. ती पणन मंडळाच्या पानावर वेगळी पाहावी लागते. चाळीस क्विंटलवर निघालेला सर्वसाधारण दर आणि दहा हजार क्विंटलवर निघालेला दर यांचं वजन सारखं कसं असेल? आवकेचा रकाना शेजारीच द्यावा. शिवाय हा तक्ता चालू दिवसाचाच असल्याने आठवडा हवा तर रोज आठवणीने उतरवून ठेवावा लागतो. निदान मागचे तीस दिवस त्याच जागी मिळावेत.

जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांच्यापैकी कोणाला हे करायचं असेल तर मी गेल्या हंगामात उतरवलेले तीन बाजारांचे रोजचे आकडे, वगळलेल्या दिवसांच्या खुणांसह, द्यायला तयार आहे.

आपला,
एक वाचक, ता. येवला, जि. नाशिक