बारसं झालं, तरी रडू थांबलं नाही

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आई, काल फोनवर मनूबद्दल तू म्हणालीस, "बाळंतिणीला रडू येतंच, सव्वा महिना झाला की उतरेल." रडू येतं हे खरं. वार पडल्यावर शरीरातले हार्मोन एकदम उतरतात, आणि तिसऱ्या दिवसापासून बहुतेक जणींचे डोळे उगाच भरून येतात. पाचव्या दिवसाच्या आसपास ते सगळ्यात जास्त असतं. पण त्यात मधूनमधून बाळंतीण हसते, बाळाशी बोलते आणि दोन आठवड्यांत आपोआप सावरते. म्हणून सव्वा महिना थांबायचं नाही, चौदा दिवस मोजायचे. मनूला आज एकोणीसावा दिवस आहे.

दुपारी दोनला बाळ झोळीत गाढ झोपलेलं असतं, खोलीत अंधार असतो, तरी ती पंख्याकडे बघत पडते, हे तूच सांगितलंस. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. बाळ उठवतं म्हणून झोप मोडणं वेगळं, आणि बाळ झोपलेलं असूनही डोळा न लागणं वेगळं. ताटातली भाकरी तशीच परत येते, "मला हे जमणार नाही, बाळाला दुसरी आई हवी होती" असं ती रोज म्हणते. हे दिवसभर टिकून असेल, तर प्रसूतीनंतरचं नैराश्य आहे का ते तपासून घ्यायलाच हवं. काही जणींना ते महिन्यांनीही सुरू होतं, त्यामुळे वर्षभर लक्ष ठेवायचं.

बाबा, उद्या तिला सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत न्या, डिलिव्हरीची फाइल बरोबर घ्या. तिथे बहुधा गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतील. तीस पैकी गुण असतात. दहा-बाराच्या पुढे गेले की डॉक्टर नीट बोलून खात्री करतात, नुसत्या गुणांवर निदान होत नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगा, कारण ते बिघडले तरी असाच थकवा आणि उदासी येते. औषध लागलं तर अंगावरचं दूध तोडावं लागेलच असं नाही. सर्ट्रालिनसारखी औषधं दुधात फार कमी उतरतात.

आई, तू एकटी असताना तिला सरळ विचार, "जीव द्यावासा वाटतो का? बाळाला काही करावंसं वाटतं का?" विचारल्याने तसं मनात भरत नाही. ती "हो" म्हणाली, किंवा नुसती गप्प राहिली, तर त्याच दिवशी न्यायचं. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर १४४१६ हा सरकारी टेलीमानस नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि ती रात्र-रात्र न झोपता उत्साहात बडबडू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली, बाळाबद्दल भलतंच काही बोलू लागली, तर बाहेरची बाधा म्हणून दृष्ट काढत बसू नका. ओपीडीची वाटही बघू नका. बाळ तुझ्या मांडीवर घे आणि तिला लगेच कॅज्युअल्टीत न्या.

तोवर रात्रीचं एक दूध काढून ठेवा आणि तू वाटी-चमच्याने पाज, म्हणजे तिला सलग चार-पाच तास पडता येईल. त्या वेळात तिला झोप लागते का, ते लिहून ठेव. उद्या डॉक्टर विचारतील.

तुमचा,
दादा