तक्रार: पिक्सीफेल त्रुटी, आणि "मशीन चालू होतंय ना?" हे तुमचं उत्तर

सेवा व्यवस्थापक यांस,

जानेवारी 2024 मध्ये क्वार्क्सलॅब या सुरक्षा संशोधन कंपनीने पिक्सीफेल नावाने नऊ सुरक्षा त्रुटी जाहीर केल्या. त्या यूईएफआयच्या, म्हणजे आजच्या बायोसच्या, पीएक्सई या नेटवर्कवरून बूट करणाऱ्या कोडमध्ये आहेत. मूळ कोडमध्ये दुरुस्त्या त्याच वर्षी आल्या. तुमच्या लॅपटॉपसाठी मात्र आजही बायोस अपडेट नाही.

आमच्या मशीनला हे लागू होतं का, एवढंच विचारायला फोन केला होता. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "अँटिव्हायरस अपडेट करा." मी सांगितलं, हा कोड विंडोजच्या आधी चालतो. तो म्हणाला, "मग विंडोज पुन्हा टाका." पुन्हा तेच समजावलं, त्यातल्या एका त्रुटीचा CVE-2023-45230 हा क्रमांक एकेक अंक करून सांगितला. त्यावर थोडं थांबून तो म्हणाला, "सर, मशीन चालू होतंय ना? मग प्रॉब्लेम काय?" आणि वॉरंटी संपल्याचं सांगून फोन ठेवला. वॉरंटी हार्ड डिस्कची संपते. तुम्हीच लिहिलेल्या बायोसमधल्या दोषाची कशी संपेल?

शेवटी आम्हीच लिनक्सवरून तपासलं.

```
sudo dmidecode -s bios-release-date
efibootmgr -v
```

बायोसची तारीख ऑगस्ट 2023, म्हणजे त्रुटी जाहीर होण्याच्या आधीची. बूटच्या यादीत `IPv6(` असलेली नोंद सापडली. तुमच्याच साइटवरची बायोस फाइल यूईएफआयटूलमध्ये उघडली, तर आत `Dhcp6Dxe` हे त्रुटी असलेलं मॉड्यूल आहे. नुसतं मॉड्यूल आहे म्हणून धोका सिद्ध होत नाही. ते चालूही असावं लागतं. सेटअपमध्ये `Network Stack` आणि `IPv6 PXE Support` दोन्ही `Enabled` होते, तेही तुमच्या फॅक्टरी सेटिंगमध्येच.

धोका कोणाला, तेही नीट सांगतो. हल्लेखोर त्याच नेटवर्कवर हवा आणि मशीन त्या वेळी नेटवर्कवरून बूट करत असायला हवं. मग मशीनला नेटवर्कचा पत्ता देणाऱ्या डीएचसीपीव्ही6 च्या उत्तरात त्याने मुद्दाम लांबवलेला सर्व्हर आयडी पाठवला की मेमरीचा बफर ओसंडतो. सिक्युअर बूट यातून वाचवत नाही, कारण ते तपासतं बूट फाइल, आणि हे पॅकेट त्याआधीच वाचलं जातं. विंडोजमध्ये आयपीव्ही6 बंद करूनही उपयोग नाही.

अपडेट येईपर्यंत आम्ही `Network Stack` बंद केला आहे आणि सेटअपला पासवर्ड लावला आहे. पण बायोस रीसेट झाला की ही सेटिंग पुन्हा चालू होते, म्हणून दर वेळी तपासावं लागतं. ज्यांना नेटवर्कवरून इन्स्टॉलेशन करावंच लागतं, त्यांनी फक्त आयपीव्ही6 चं पीएक्सई बंद करून ते काम वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे इतरांपासून तोडलेल्या नेटवर्कवर करावं. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. एवढं साधं तुमच्या साइटवर का नाही?

आम्हाला मॉडेलनिहाय यादी हवी: लागू आहे की नाही, अपडेट केव्हा, आणि येणारच नसेल तर तसं स्पष्ट लिहून. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ही तक्रार सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेकडे आणि 1915 वर ग्राहक हेल्पलाइनकडे जाईल. पुढची मशीन खरेदी तुमच्याकडून होणार नाही.

एक ग्राहक