लोन बंद केलंय? मग विम्याचा उरलेला प्रीमियमही मागा

मंडळी, लोन मुदतीआधी फेडलं की त्यासोबत गळ्यात मारलेला विमा आपोआप रद्द होईल असं धरू नका, अर्ज आपणच करायचा. समजा ५ वर्षांच्या पर्सनल लोनमध्ये १८,००० प्रीमियम एकरकमी कापला आणि २ वर्षांत लोन संपवलं, तर ३ वर्षांचे सरळ हिशेबाने १०,८०० होतात, पण कव्हर दरवर्षी घटणारं असेल तर हातात कमीच येतं, विमा प्रमाणपत्रातलं सरेंडरचं कलम आधी वाचा. एनओसी, प्रमाणपत्र आणि कॅन्सल चेक जोडून थेट विमा कंपनीला मेल टाका, बँकेला सीसी. बँकवाले "रिफंड नसतो" म्हणाले तर लेखी मागा. कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, फी लागत नाही.