बुसोनच्या फणीखालचं स्पष्टीकरण

मा. संपादक,
सादर नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत हायकूंचं सदर सुरू केलंत, आम्ही इंदूरची मराठी मंडळी ते आवडीने वाचतो, पण गेल्या वेळी बुसोन या जुन्या जपानी कवीचा हायकू छापून खाली लिहिलं होतं की बायको वारल्याच्या दुःखात कवीने हे लिहिलं, ते मला अजिबात पटलं नाही म्हणून हे पत्र. बुसोन 1784 मध्ये गेला आणि त्याची बायको त्याच्यानंतरही जिवंत होती. म्हणजे ते दुःख त्याच्या चरित्रातून आलेलंच नाही, मग आपल्याला ते इतकं खरं का वाटतं?

हायकू असा (मराठी माझं) :

अंगात शिरतो गारठा —
गेलेल्या बायकोची फणी
शेजघरात पायाखाली

यात दोन चित्रं आहेत. एक गारठा, एक फणी. मूळ जपानीत पहिल्या चित्रानंतर 'या' हा छोटा जपानी शब्द येतो, तो वाचणाऱ्याला थांबवतो, आपण तिथे आडवी रेघ देतो. पहिल्यांदा वाचताना गारठा म्हणजे नुसती हवा वाटते, आणि तोही कडाक्याच्या थंडीतला नाही हं, जपानी परंपरेत हा शब्द शरद ऋतूचा, म्हणजे थंडीची नुसती सुरुवात, लांब रात्री अजून पुढेच आहेत. मग फणी पायाला लागते. डोळ्यांना दिसत नाही, पायाला कळते, म्हणजे बहुतेक अंधार असणार, आणि ती खाली पडून राहिली म्हणजे उचलणारं कुणी नव्हतं असं आपणच मनात भरतो. आता परत पहिल्या ओळीवर जा, तोच गारठा आता हवेचा राहत नाही. रडणं, आठवण, एकटेपण यातलं काहीच लिहिलेलं नाही, ते त्या रेघेपाशी आपल्याला सापडतं.

पहिली ओळ बदलून बघा म्हणजे लगेच कळेल. 'डोळ्यांत आले पाणी' घातलं तर दोन्ही चित्रं एकच गोष्ट सांगतात, वाचणाऱ्याला करायला काही उरत नाही, जपानी लोक याला फार चिकटलेली जोडी म्हणतात. 'डोंगरावर ढग' घातलं तर उलटं, ढग आणि फणी यांचा काही संबंधच लागत नाही आणि फणी नुसती फणी राहते. गारठा बरोबर मधे बसतो, कारण तो अंगालाही लागतो आणि मनालाही, आणि फणीही थेट अनवाणी पायालाच लागते.

आणि हो, तुमच्याकडे तो हायकू सलग एका वाक्यात छापला होता, 'गारठ्यात फणीवर पाय पडला' असा, त्यामुळे गारठा फणीचं कारण किंवा वेळ होऊन बसला आणि मधली जागाच गेली. तेव्हा विनंती एवढीच की तीन ओळी आणि रेघ तशीच ठेवा, आणि अर्थ द्यायचाच असेल तर तो पुढच्या रविवारी द्या, आठवडाभर वाचकांना स्वतः वाचू दे.

आपला,
एक वाचक, इंदूर