पाणी गोदामाच्या दारात नको, रांगेत हवे

‘भिवंडीच्या गोदामांत उकाड्याने कामगार बेजार’ ही आपली बातमी वाचली. तापलेल्या पत्र्याखाली काम करणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे तासाला पाऊण लिटर पाणी प्यावे, असा वैद्यकीय सल्ला असतो. पण कूलर असतो दाराशी. जाऊन येण्यात पाच मिनिटे गेली, तर तासाची पंधरा मिनिटे गेली आणि ‘टार्गेट’ हुकले. साहजिकच माणूस पाणीच टाळतो. मग पायांत गोळे येतात, चक्कर येते, पकड सुटते. अशा वेळी जमिनीवरून वाकून उचललेली गोणी थेट कंबरेवर येते. अमेरिकेतील ‘नायॉश’ ही संस्था सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलोंचीच मर्यादा सुचवते. आपल्याकडे सिमेंटची गोणीच ५० किलोंची!

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती होती. उन्हाळ्यात ती अपुरी आहे. दर तासाला दहा मिनिटांची सावलीतली सुट्टी द्यावी, ती टार्गेटमधून वजा करावी आणि प्रत्येक रांगेत पाण्याचा जार ठेवावा. कामगार खात्याने तपासणीत हेच आधी पाहावे.

– एक वाचक, कल्याण