अन्न पूर्ण गार होण्याची वाट पाहू नका

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतील स्वयंपाकघराच्या सूचनांमध्ये 'शिजवलेले अन्न पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नये' असे छापून आले आहे. मी महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवत असे. हा समज किती घरांत पक्का बसला आहे हे ठाऊक असल्यामुळे लिहिणे भाग पडले. या सूचनेत काळजी फ्रिजची आहे, जेवणाऱ्यांची राहून गेली आहे.

नागपुरात मे महिन्यात दुपारी स्वयंपाकघर ३६-३७ अंशांवर असते. ओट्यावरची आमटी कितीही वेळ ठेवली तरी त्याखाली जाणार नाही. अन्नातले जिवाणू ५ ते ६० अंशांच्या दरम्यान वाढतात, आणि त्यातही कोमट अन्नात सर्वांत झपाट्याने. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात 'पूर्ण गार' होण्याची वाट पाहणे म्हणजे अन्न नेमके त्यांच्या सोयीच्या तापमानात ठेवून देणे.

'पण उकळी फुटली होती ना, मग जंतू कुठले?' असे विचारले जाते. काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक, सुप्त रूपे, उकळीतही मरत नाहीत. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा त्यातलाच एक. मटणाचा रस्सा किंवा डाळ यांसारख्या दाट पदार्थात, तळाशी हवा नसलेल्या जागी, अन्न निवू लागले की हे बीजाणू जागे होतात. ४३ ते ४५ अंशांवर, अनुकूल स्थितीत, त्यांतून वाढणाऱ्या जिवाणूंची संख्या सुमारे दर दहा मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. दोन तासांत ती हजारो पट होते, आणि तरीही रश्शाला वास येत नाही, चव बिघडत नाही.

एक नेहमीचा रविवार घेऊ. पाहुणे येणार म्हणून बारा वाजता मोठे पातेले भरून आमटी झाली. जेवणे दोनला आटोपली. उरलेली तीनेक लिटर आमटी झाकण ठेवून ओट्यावरच राहिली आणि सहाला, पातेले हाताला गार लागले तेव्हा, फ्रिजमध्ये गेली. वीतभर खोल पातेल्याची कड गार लागली तरी मधली आमटी बराच वेळ कोमट राहते. स्वच्छ डाव मध्यभागी खोलवर बुडवून थोडी आमटी वाटीत काढा आणि वाटीला हात लावून पाहा, फरक लगेच कळेल. या अन्नाचे सहापैकी बहुतेक तास ५ ते ६० अंशांच्या धोक्याच्या पट्ट्यात गेले आणि फ्रिजमध्ये गेल्यावरही मध्यभाग थंड व्हायला आणखी काही तास लागणार.

अन्न किती लवकर थंड होते हे सर्वांत जास्त त्याच्या थराच्या जाडीवर ठरते. म्हणून जेवणे होताच उरलेले अन्न पसरट भांड्यांत दोन इंचांपेक्षा जास्त थर होणार नाही असे वाटून ठेवावे. ती भांडी परातीतल्या गार पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळावीत, पाणी तापले की बदलावे. झाकण पूर्ण लावू नये. अर्ध्या तासात वाफ थांबते आणि भांडे सहज हातात धरता येते. तेवढे पुरे, मग ते कोमट असतानाच फ्रिजमध्ये ठेवावे. शिजवल्यापासून किंवा आचेवरून उतरल्यापासून फार तर दोन तास, आणि खोली ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे. आपल्या उन्हाळ्याला त्यातला दुसरा भाग लागू होतो.

फ्रिज बिघडण्याच्या भीतीत तथ्य आहे ते एवढेच: उकळते, भरलेले पातेले तसेच आत ढकलले तर शेजारचे दूध-दही गरम होते, वाफेने बर्फ साचतो, काचेची फळी तडकू शकते. छोट्या फ्रिजमध्ये हे जास्त जाणवते. दोन किलो कोमट आमटी थंड करायला लागणारी वीज मात्र पाव युनिटही भरत नाही. भांड्यांमध्ये हवा खेळायला जागा ठेवावी आणि फ्रिज पाच अंशांच्या आत आहे ना, हे पेलाभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवून एकदा तपासावे.

भाताबद्दल वेगळे सांगायला हवे. त्यात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात बाहेर कोमट पडून राहिला तर हा जिवाणू एक विष तयार करतो, आणि ते पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. रात्री फोडणी दिली, चांगला वाफवला, तरी ते तसेच राहते आणि काही तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून उरलेला भात लगेच ताटात पातळ पसरावा, वाफ गेली की डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा. दुपारभर कुकरमध्येच राहिलेला भात मात्र टाकून द्यावा, जिवावर आले तरी.

आपली नम्र,
एक निवृत्त गृहविज्ञान शिक्षिका, नागपूर